ठिबकवर ५ टक्के, दाण्यावर १८ टक्के: अडकलेलं क्रेडिट परत मिळवायचं एक प्रकरण

जळगाव एमआयडीसीत आमचे एक क्लायंट आहेत, ठिबकची नळी बनवतात, दोन एक्स्ट्रूडर, पंधरा-सतरा माणसं, बाकी सगळं घरचंच. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. डिसेंबरच्या शेवटी अप्पांचा फोन आला की भाऊ, सरकारनं ठिबकवरचा जीएसटी कमी केला, शेतकरी खूश, डीलर खूश, मग माझ्याच खात्यात पैसे का नाहीत? विक्री तेवढीच, भाव तेवढाच, आणि प्लास्टिकच्या दाणेवाल्याला द्यायला बँकेचं सीसी लिमिट पूर्ण वापरून बसलोय.

हे असं का होतं ते आधी समजून घेऊ, कारण रिफंडचं सगळं गणित तिथूनच निघतं.

ठिबक सिंचन, लॅटरल, स्प्रिंकलर हा माल २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत १२ टक्क्यांत होता, २२ सप्टेंबरपासून ५ टक्क्यांत आला. पण ज्याच्यापासून नळी बनते तो एलएलडीपीई दाणा, मास्टरबॅच, पॅकिंगचं प्लास्टिक हे सगळं १८ टक्क्यांतच राहिलं. म्हणजे अप्पा दाणा घेताना शंभराला अठरा देतात आणि नळी विकताना शंभराला पाचच गोळा करतात. खरेदीवर भरलेला टॅक्स विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करता येतो, त्यालाच क्रेडिट म्हणतात. मग वरचा फरक जातो कुठे? जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरमध्ये जाऊन बसतो. तिथे आकडा दिसतो, वाढतो, पण त्यातून दाणेवाल्याला पैसे देता येत नाहीत, पगार करता येत नाही. पैसा अप्पांचाच, फक्त हात लावता येत नाही.

एक छोटा हिशोब मी प्रत्येक क्लायंटला करून दाखवतो. विक्री १०० रुपयांची असेल तर ५ रुपये टॅक्स लागतो, आणि १८ टक्क्यांच्या मालावर ५ रुपये क्रेडिट मिळायला सुमारे २८ रुपयांचा कच्चा माल पुरतो. म्हणजे विक्रीत कच्च्या मालाचा वाटा २८ टक्क्यांच्या वर गेला की क्रेडिट साचायला सुरुवात. १२ टक्के असताना हाच आकडा ६७ च्या जवळ होता. ठिबकमध्ये दाण्याचा वाटा ६५-७० टक्के सहज असतो, त्यामुळे आधी क्रेडिट थेंब थेंब साचायचं आणि आता धो धो साचतंय. अप्पांना आधी हे जाणवलंच नव्हतं कारण पूर्वी त्यांची एचडीपीई पाइपची विक्री बरीच होती, त्यावर १८ टक्के लागतो, सगळं क्रेडिट त्यात वापरून जायचं आणि लेजर महिनाअखेरीस जवळपास रिकामं.

आता ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या तीन महिन्यांचे आकडे घेऊ. कळायला सोपं जावं म्हणून मी गोल केलेत, आणि १ ऑक्टोबरचं ओपनिंग शून्य धरलंय.

ठिबकची विक्री ८० लाख, त्यावर ५ टक्क्यांनी टॅक्स ४ लाख. पाइप आणि थोडं भंगार मिळून २० लाख, त्यावर १८ टक्क्यांनी ३ लाख ६० हजार. म्हणजे एकूण विक्री १ कोटी आणि एकूण टॅक्स ७ लाख ६० हजार. खरेदीच्या बाजूला दाणा, मास्टरबॅच, पॅकिंग, किरकोळ स्पेअर असा कच्चा माल ७० लाखांचा, त्याचं क्रेडिट १२ लाख ६० हजार. शेडचं भाडं, गाडीभाडं, मशीन रिपेअरिंगची मजुरी, आमची फी वगैरे सर्व्हिसेसचं क्रेडिट १ लाख ४० हजार. आणि नोव्हेंबरमध्ये अप्पांनी ड्रिपरचा नवा मोल्ड घेतला ५ लाखांचा, त्याचं क्रेडिट ९० हजार. एकूण क्रेडिट १४ लाख ९० हजार, त्यातून टॅक्स गेला ७ लाख ६०, लेजरमध्ये उरले ७ लाख ३० हजार.

हे ७ लाख ३० हजार बघून अप्पांच्या ऑफिसातल्या पोराला वाटलं की झालं, एवढे सगळे मागायचे. पोरगा हुशार आहे, टॅलीत हात बसलाय, पण रिफंड पहिल्यांदाच भरत होता. डिसेंबरचा महिन्याचा रिटर्न GSTR-3B २० जानेवारीला भरला आणि दोन-चार दिवसांत त्यानं आम्हाला न विचारता RFD-01 हा रिफंडचा अर्ज टाकूनही दिला. नेट आयटीसी, म्हणजे रिफंडच्या हिशोबात धरायचं क्रेडिट, म्हणून त्यानं सरळ १४ लाख ९० हजार टाकले, रिफंडच्या सूत्रातून उत्तर आलं ७ लाख ९२ हजार, पोर्टलनं म्हटलं एवढं बॅलन्सच नाहीये, मग त्यानं ७ लाख ३० हजार मागितले. पोर्टलनं घेतलं. आणि पोर्टलनं घेतलं म्हणजे बरोबर असणार हा समज सगळ्यात महागात पडतो, कारण पोर्टल फक्त बॅलन्सची मर्यादा बघतं, तुम्ही कुठल्या रकान्यात कुठला आकडा टाकलाय ते तिथे कोणी तपासत नाही, ते नंतर ऑफिसर तपासतो.

आता मूळ मुद्दा, रिफंड कशाचा मिळतो. सीजीएसटी कायद्याचं कलम ५४(३), त्यातला दुसरा प्रकार म्हणजे इनपुटवरचा दर विक्रीवरच्या दरापेक्षा जास्त असल्यानं साचलेलं क्रेडिट. यालाच इन्व्हर्टेड ड्युटी म्हणतात, आणि अशा कमी दराच्या मालाची, म्हणजे इथे ठिबकची, विक्री ती इन्व्हर्टेड विक्री. इथे इनपुट म्हणजे फक्त माल. सर्व्हिस नाही, मशीन-मोल्ड नाही. यावर बरंच भांडण झालं होतं, गुजरात हायकोर्टानं २०२० मध्ये सर्व्हिसेसचंही क्रेडिट द्या असं म्हटलं, त्याच वर्षी मद्रास हायकोर्टानं उलट म्हटलं, आणि शेवटी सुप्रीम कोर्टानं १३ सप्टेंबर २०२१ ला व्हीकेसी फूटस्टेप्स प्रकरणात ठरवलं की नाही, फक्त माल. पण त्याच निकालात कोर्टानं हेही दाखवलं की सूत्रात एक तिरकेपणा आहे, जीएसटी काउन्सिलनं तो बघावा. त्यातून ५ जुलै २०२२ ला नियम ८९(५) मधलं सूत्र बदललं. आता ते असं आहे:

```
जास्तीत जास्त रिफंड =
  (इन्व्हर्टेड विक्री × नेट आयटीसी ÷ समायोजित एकूण विक्री)
  − (इन्व्हर्टेड विक्रीवरचा टॅक्स × नेट आयटीसी ÷ इनपुट आणि इनपुट सर्व्हिसचं मिळून आयटीसी)
```

दिसायला किचकट आहे पण डोकं शांत ठेवून वाचलं तर त्यात दोनच गोष्टी आहेत. पहिल्या कंसात विचारलंय की एकूण मालाच्या क्रेडिटपैकी ठिबकच्या वाट्याला किती आलं. दाणा एकाच गोदामातून दोन्ही मशीनवर जातो, कुठली गोणी नळीत गेली आणि कुठली पाइपात हे कोण लिहून ठेवणार, म्हणून कायद्यानं सोपं केलं, विक्रीच्या प्रमाणात वाटून टाका. अप्पांची ठिबकची विक्री शंभरात ऐंशी, म्हणून १२ लाख ६० हजारचे ८० टक्के, म्हणजे १० लाख ८ हजार.

दुसऱ्या कंसात विचारलंय की ठिबकवर जो ४ लाख टॅक्स लागला तो यातून किती फिटला असं धरायचं. जुन्या सूत्रात पूर्ण ४ लाख वजा व्हायचे. म्हणजे सर्व्हिसचं क्रेडिट रिफंडमध्ये धरायचं नाही, पण टॅक्स मात्र जणू फक्त मालाच्या क्रेडिटमधूनच भरला असं समजायचं, दोन्हीकडून मार. हाच तो तिरकेपणा. नव्या सूत्रात म्हटलंय की टॅक्स माल आणि सर्व्हिस दोन्हींच्या क्रेडिटमधून प्रमाणात फिटला असं धरा. अप्पांचं मालाचं क्रेडिट १२ लाख ६०, माल आणि सर्व्हिस मिळून १४ लाख, म्हणजे ९० टक्के. म्हणून ४ लाखांऐवजी ३ लाख ६० हजार वजा.

```
10,08,000 − 3,60,000 = 6,48,000
```

जुन्या सूत्रानं ६ लाख ८ हजार आले असते, म्हणजे एका तिमाहीत ४० हजारांचा फरक. सर्व्हिसचा खर्च जितका जास्त तितका हा फरक वाढतो, त्यामुळे जुनी एक्सेल शीट वापरणाऱ्यांनी ती आधी डिलीट करावी, खरंच सांगतो, मी अजून अशा शीटा फिरताना बघतो.

आणि एक तुलना अप्पांना मुद्दाम करून दाखवली. हीच विक्री, हीच खरेदी, फक्त ठिबकवर १२ टक्के असते तर? ठिबकचा टॅक्स ९ लाख ६० हजार, त्याचे ९० टक्के ८ लाख ६४ हजार, १० लाख ८ हजारातून वजा केले की १ लाख ४४ हजार. म्हणजे आधी तिमाहीला दीड लाखाच्या आत अडकला असता, आता साडेसहा लाखांच्या आसपास. अप्पा दोन मिनिटं गप्पच बसले. मग म्हणाले, म्हणजे चार तिमाह्यांचे पंचवीस लाख अडकूनच राहणार? हो. रिफंड वेळेवर घेतला नाही तर राहणार.

आता पोराच्या आकड्यात काय चुकलं ते बघा. त्यानं मोल्ड आणि सर्व्हिस दोन्ही नेट आयटीसीत घातले. मोल्ड तर सूत्रात कुठेच येत नाही, ना वर ना खाली, कारण ते कॅपिटल गुड्स आहे. सर्व्हिस फक्त खालच्या भागाकारात येते. बरोबर रिफंड ६ लाख ४८, मागितले ७ लाख ३०, म्हणजे ८२ हजार जास्त. अप्पांचा पुढचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता, मग हे ८२ हजार माझे गेले का? नाही गेले. ते लेजरमध्येच राहतात, पाइपवरच्या १८ टक्क्यांत पुढे वापरता येतात. त्याचा मेळही बसतो, आणि असा मेळ बसवून बघणं हीच आकडा बरोबर आहे की नाही हे ओळखायची माझी पद्धत. सर्व्हिसच्या १ लाख ४० हजारांतून ठिबकच्या टॅक्सला ४० हजार लागले, उरले १ लाख. मोल्डचे ९० हजार. मालाच्या क्रेडिटमधला पाइपचा २० टक्के वाटा २ लाख ५२ हजार. तिन्ही मिळून ४ लाख ४२ हजार, त्यातून पाइपचा टॅक्स ३ लाख ६० हजार गेला, राहिले बरोबर ८२ हजार. रुपयाला रुपया.

हा मेळ ज्या दिवशी बसत नाही त्या दिवशी समजायचं कुठला तरी आकडा चुकीच्या खान्यात पडलाय, आणि अर्ज टाकायचा नाही.

तर, तो पहिला अर्ज. फेब्रुवारीच्या सुरुवातीला RFD-03 आला, म्हणजे डेफिशियन्सी मेमो. गंमत अशी की ऑफिसरनं मोल्डवर बोटच ठेवलं नव्हतं, तिथपर्यंत तो पोचलाच नव्हता. त्याचं म्हणणं होतं की ॲनेक्शर-बी ची बेरीज GSTR-3B शी जुळत नाही, आणि त्यात कुठलं बिल इनपुट, कुठलं सर्व्हिस, कुठलं कॅपिटल गुड्स हे लिहिलेलंच नाही, एचएसएन, म्हणजे मालाचा कोड, पण अर्ध्या ठिकाणी कोरा. ॲनेक्शर-बी म्हणजे त्या काळात ज्या ज्या बिलावर क्रेडिट घेतलं त्या सगळ्या बिलांची यादी. RFD-03 आला की अर्ज संपला असं समजायचं, लेजरमधून कापलेली रक्कम परत लेजरला येते आणि नवा अर्ज टाकावा लागतो, त्यातच दुरुस्ती करता येत नाही.

बेरीज का जुळत नव्हती? पोरानं थ्री-बी भरला टू-बी वरून, म्हणजे विकणाऱ्यांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं त्या बिलांच्या यादीवरून, जे बरोबरच आहे, पण यादी काढली टॅलीच्या परचेस रजिस्टरवरून. आणि रजिस्टरमध्ये दाण्याचं एक डिसेंबरचं बिल होतं, दीड लाखाचं, टॅक्स २७ हजार, जे टू-बी मध्ये नव्हतंच. दाणेवाल्यानं त्याचा डिसेंबरचा विक्रीचा रिटर्न GSTR-1 तारखेनंतर भरला, त्यामुळे ते बिल जानेवारीच्या टू-बी मध्ये उतरलं. अप्पा म्हणाले बिल माझ्या हातात आहे, माल डिसेंबरमध्ये गोदामात उतरलाय, पैसे दिलेत, मग डिसेंबरचं क्रेडिट का नाही? रास्त वाटतं, पण कायद्यात क्रेडिट घ्यायलाच ते टू-बी मध्ये दिसायला लागतं, आणि रिफंडही त्याच बिलांपुरता. माल केव्हा उतरला याला इथे महत्त्व नाही, क्रेडिट कुठल्या महिन्याच्या थ्री-बी मध्ये घेतलं ते बघतात. ते २७ हजार जानेवारीच्या क्रेडिटमध्ये येणार आणि जानेवारी ज्या अर्जात असेल त्यात धरले जाणार. बुडत नाहीत, एक पाऊल मागे राहतात इतकंच. त्यानंतर अप्पांनी त्या दाणेवाल्याला जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग फाइल आमच्या टेबलावर आली. यादी नव्यानं केली, यावेळी टू-बी ला धरून, एकेक बिल. सगळ्यात जास्त वेळ वर्गवारीत गेला आणि तो वेळ द्यायलाच पाहिजे. दाणा, मास्टरबॅच, गोण्या यात वाद नाही. पण एक्स्ट्रूडरचे हीटर बँड, फिल्टरची जाळी, बेअरिंग, बेल्ट असं स्पेअरचं सामान होतं, सगळं मिळून क्रेडिट १८ हजार. आमच्याच ऑफिसातला एकजण म्हणाला मशीनचे पार्ट आहेत, कॅपिटल गुड्समध्ये टाकू, उगाच वाद नको. मी नाही म्हटलं. ३१ डिसेंबर २०१८ च्या सर्क्युलर ७९ मध्ये स्पष्ट आहे की स्टोअर्स, स्पेअर, पॅकिंग हे धंद्यात लागणारं सामान, ज्याचा खर्च त्याच वर्षी नफा-तोट्याला टाकला आणि पुस्तकात मालमत्ता म्हणून चढवलं नाही, ते इनपुटच. मोल्ड मात्र मालमत्ता म्हणून चढवलाय, त्यामुळे तो बाहेर. म्हणजे कसोटी वस्तू मशीनला लागते की नाही ही नाही, पुस्तकात ती कशी धरली ही आहे.

त्याच सर्क्युलरमधला आणखी एक मुद्दा लोकांना माहीत नसतो. नेट आयटीसीत सगळ्या इनपुटचं क्रेडिट येतं, फक्त जास्त दराच्या इनपुटचंच असं नाही. एखादी गोष्ट तुम्ही ५ टक्क्यांनी घेत असाल तरी ती यादीत राहते, आणि ऑफिसर म्हणाला की फक्त १८ टक्केवाली बिलं ठेवा, तर ते ऐकायची गरज नाही. बऱ्याच छोट्या कारखानदारांनी असं स्वतःहून कापून घेऊन आपलंच नुकसान केलंय.

दुसऱ्या बाजूला समायोजित एकूण विक्रीत काही सोडायचं नाही याची काळजी घ्यावी लागते. भंगार विकलं, तेही विक्रीच. अप्पांचं भंगार किरकोळ होतं, पण ते २० लाखांत धरलं. काहीजण भंगार वगळून ठिबकचा वाटा फुगवतात, GSTR-1 समोर ठेवलं की ते दोन मिनिटांत पकडलं जातं.

आणि ठिबकच्या एचएसएनचा, म्हणजे ८४२४ चा, प्रश्न. नळी सुटी विकली तर ती पाइप म्हणून १८ टक्क्यांत जाते का, असं विचारलं जाऊ शकतं, कारण मग इन्व्हर्टेड ड्युटी राहतच नाही. याचं उत्तर १७ जून २०२१ च्या सर्क्युलर १५५ मध्ये आहे, ठिबक किंवा स्प्रिंकलरसाठीच मुख्यतः वापरायचे लॅटरल आणि पार्ट वेगळे विकले तरी ८४२४ मध्येच. तेव्हा दर १२ होता, आता ५, वर्गीकरण तेच. आम्ही या सर्क्युलरची प्रत अर्जासोबतच जोडली, विचारायची वाट बघितली नाही. अप्पांच्या बिलावर मालाचं नाव नुसतं ‘पाइप १६ एमएम’ असं लिहिलेलं होतं काही ठिकाणी, ते मात्र जानेवारीपासून बदलायला लावलं, ‘ड्रिप लॅटरल’ असं लिहा म्हणून.

दुसरा अर्ज १२ फेब्रुवारीला टाकला. ही तारीख मुद्दाम निवडली होती. रिफंड तीन आकड्यांपैकी सगळ्यात लहान आकड्याएवढाच मिळतो: सूत्राचं उत्तर, त्या काळाच्या शेवटी रिटर्न भरल्यावर लेजरमध्ये असलेलं बॅलन्स, आणि अर्ज टाकताना असलेलं बॅलन्स. जानेवारीत अप्पांनी एका गिऱ्हाइकाची पाइपची मोठी ऑर्डर पुरी केली होती आणि दाणा कमी घेतला होता, त्यामुळे जानेवारीचा थ्री-बी भरला असता तर लेजर ६ लाख ४८ च्या खाली गेलं असतं, आणि रिफंडही तेवढाच कमी मागता आला असता. २० फेब्रुवारीच्या आत अर्ज टाकला की ती भानगडच नाही. अर्ज टाकताक्षणी रक्कम लेजरमधून कापली जाते, मग जानेवारीला कमी पडलं तर थोडं रोखीनं भरायचं. अप्पांना रोख भरायला जिवावर आलं, पण ती रक्कम रिफंडपेक्षा बरीच लहान होती.

पोर्टलवर जायचं कसं ते थोडक्यात. Services मध्ये Refunds, तिथे Application for Refund, आणि कारणात Inverted Tax Structure वाला पर्याय. Statement 1 मध्ये सूत्राचे आकडे आणि Statement 1A मध्ये बिलांचा तपशील जातो, 1A ऑफलाइन युटिलिटीत भरून अपलोड करावा लागतो. सोबत ॲनेक्शर-बी आणि ठराविक डिक्लेरेशन. पैसा दुसऱ्याकडून वसूल केला नाही असं सीएचं सर्टिफिकेट या प्रकारच्या रिफंडला लागत नाही, कायद्यातच सूट आहे, तरी काहीजण ते मागतात आणि काहीजण देऊनही टाकतात. बँक खातं आधीच व्हॅलिडेट झालेलं असलं पाहिजे, नाहीतर ऑर्डर होऊन पैसे अडकतात.

RFD-02 म्हणजे पोचपावती आठवड्याच्या आत आली, कायद्यानं १५ दिवस असतात. आणि मग एक गोष्ट अप्पांच्या बाजूनं झाली. पूर्वी ९० टक्के आगाऊ रिफंड मुख्यतः निर्यातवाल्यांना मिळायचा. सप्टेंबर २०२५ च्या काउन्सिल मीटिंगनंतर, १ ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या इन्व्हर्टेड ड्युटीच्या अर्जांनाही तीच सोय दिली, सिस्टिमनं अर्ज कमी जोखमीचा ठरवला तर. अप्पांचा ठरला. RFD-04 ऑर्डर निघाली, ६ लाख ४८ हजारांचे ९० टक्के म्हणजे ५ लाख ८३ हजार २००, आणि थोड्या दिवसांत बँकेत जमा. अप्पांनी आधी मेसेज खरा आहे की फ्रॉड आहे ते विचारायला फोन केला.

उरलेल्या ६४ हजार ८०० ची खरी परीक्षा नंतर. ऑफिसरनं RFD-08 नोटीस काढली, मुद्दा तोच जो आम्ही ऑफिसात भांडलो होतो, स्पेअर कॅपिटल गुड्स आहेत, ते काढा. त्याचा हिशोब घेतला तर नेट आयटीसी १२ लाख ४२ हजार होतं आणि रिफंड सुमारे १४ हजारांनी कमी होतो. अप्पा म्हणाले सोडून द्या भाऊ चौदा हजार, बाकीचे तरी येऊ देत. मी म्हटलं एकदा सोडलं की दर तिमाहीला सोडावं लागेल, आणि पुढच्या वेळी हीटर बँडवरून गाडी पॅकिंगवर येईल. १५ दिवसांच्या आत RFD-09 मध्ये उत्तर दिलं, फार लांबवलं नाही: सर्क्युलर ७९ ची प्रत, स्पेअरच्या खात्याचा लेजर जिथे खर्च नफा-तोट्याला गेलेला दिसतो, आणि मालमत्तेची यादी जिच्यात मोल्ड आहे पण स्पेअर नाहीत. सुनावणीला मी आणि पोरगा दोघं गेलो. ऑफिसरनं मालमत्तेची यादी नीट बघितली, एक-दोन बिलं मागितली, आणि मान्य केलं. वागायला व्यवस्थित माणूस होता, फक्त कागद बघितल्याशिवाय पुढे जात नव्हता, आणि ते चुकीचं नाही.

RFD-06 अंतिम ऑर्डर ६० दिवसांच्या मुदतीत आली, पूर्ण रकमेची. ६० दिवसांपेक्षा उशीर झाला असता तर पुढच्या दिवसांवर ६ टक्के व्याज मागता आलं असतं.

पहिल्या अर्जातले ७ लाख ३० हजार तसेच पुढे गेले असते तर काय झालं असतं तेही पोराला समजावलं. नोटीस आली असती, ८२ हजार नामंजूर झाले असते, आणि अपील करणार नाही असं लिहून दिल्यावर PMT-03 नं लेजरला परत आले असते. तेवढं नुकसान नाही. पण चुकून मंजूर होऊन बँकेत आले असते आणि वर्षभरानं ऑडिटमध्ये सापडले असते तर व्याजासकट परत, वर दंडाची टांगती तलवार. त्या मानानं RFD-03 स्वस्तात पडला.

हे सगळं प्रकरण प्रत्येकाला लागू नाही, हेही सांगतो. विक्री पूर्ण माफ किंवा निल रेटची असेल तर या प्रकारचा रिफंड नाही. एकच माल घेऊन तोच माल विकणाऱ्या दुकानदारालाही दर मध्येच कमी झाला म्हणून रिफंड मिळत नाही, १२ नं घेतलेला जुना स्टॉक ५ नं विकावा लागला तरी नाही. अप्पांच्या एका डीलरनं तेच विचारलं होतं, त्याला नाहीच सांगावं लागलं. आणि मुदत दोन वर्षांची, ज्या काळाचा अर्ज त्या काळाच्या थ्री-बी च्या शेवटच्या तारखेपासून. डिसेंबर २०२५ साठी २० जानेवारी २०२८. अप्पांसारख्यांनी तेवढं थांबायचं कारणच नाही, पण दोन-तीन वर्षांची साचवून एकदम येणारेही आमच्याकडे आहेत आणि त्यांचे सुरुवातीचे महिने बाद झालेले असतात.

सध्या जानेवारी ते मार्चचा अर्ज तयार करतोय. त्या २७ हजारांच्या बिलाला यादीत लाल रंगानं खूण करून ठेवली आहे, आणि पोरगा आता दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी आला की रजिस्टरशी लावून बघतो आणि ज्यांची बिलं दिसत नाहीत त्यांना त्याच दिवशी फोन करतो. दाणेवाल्याचा नंबर यादीत सगळ्यात वर आहे.